चौदाशे नोंदींतून बारा चाचण्या

२००१ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, दम्याशी संबंधित एक प्रयोग सुरू होता. निरोगी माणसाच्या श्वासनलिका आकुंचन पावण्यापासून स्वतःला कशा वाचवतात, हे संशोधकांना समजून घ्यायचं होतं. त्यासाठी स्वयंसेवकांना हेक्सामेथोनियम नावाचं रसायन श्वासावाटे दिलं जात होतं. १९५० च्या दशकात ते रक्तदाबावरचं औषध म्हणून वापरात होतं, नंतर मागे पडलं. प्रयोगात भाग घेतलेली २४ वर्षांची एक निरोगी तरुणी, तिथल्याच प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ, ते हुंगल्यानंतर आजारी पडली. तिची फुफ्फुसं निकामी होत गेली आणि २ जूनला ती दगावली.

प्रयोगाआधी या रसायनाच्या धोक्यांचा शोध घेतलाच नव्हता, असं नाही. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसमध्ये शोधलं होतं, पाठ्यपुस्तकं पाहिली होती. पण त्या वेळी पबमेडमधल्या नोंदी १९६६ पासून पुढच्या होत्या. हेक्सामेथोनियम घेणाऱ्या रुग्णांच्या फुफ्फुसांत बिघाड झाल्याचे लेख मात्र १९५० च्या दशकातले. ते ग्रंथालयांत छापील रूपात उपलब्ध होते, फक्त जिथे शोधलं तिथे ते नव्हते. ‘आम्ही पबमेडमध्ये शोधलं, धोका आढळला नाही’ या वाक्यातला शब्द न् शब्द खरा असू शकतो आणि तरीही ते वाक्य वाचणाऱ्याला पूर्ण चुकीच्या समजुतीकडे नेऊ शकतं. ‘पबमेडमध्ये, १९६६ पासून पुढे’ एवढं जरी लिहिलं असतं, तरी कुणातरी जाणत्या वाचकाने विचारलं असतं, की हे औषध तर त्याच्या आधीचं आहे, मग आधीचं कोण पाहणार?

हा प्रयोग होता. आपला विषय आहे सिस्टेमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे पद्धतशीर आढावा. एखाद्या प्रश्नावर जगात झालेले सगळे अभ्यास शोधायचे, आधी ठरवलेल्या निकषांवर ते गाळायचे आणि उरलेल्यांचं एकत्रित उत्तर काढायचं, अशी ही पद्धत. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं आज अशा आढाव्यांच्या आधारे लिहिली जातात. वर्तमानपत्रात ‘१२ अभ्यासांचा निष्कर्ष’ अशी बातमी येते, तिच्यामागेही बहुधा असाच आढावा असतो. त्या १२ या आकड्याचं वजन किती, हे ठरतं ते आढाव्याच्या सहसा कुणी न वाचलेल्या पानावर. तिथे कुठे शोधलं, कधी शोधलं, कोणत्या शब्दांनी शोधलं, किती सापडलं आणि किती का टाकलं, हे लिहिलेलं असतं किंवा असायला हवं. ते कसं लिहावं याचे नियम ‘प्रिझ्मा’ या नावाने प्रसिद्ध आहेत. २००९ मध्ये आलेल्या या नियमावलीची सुधारित आवृत्ती ‘प्रिझ्मा २०२०’ म्हणून २०२१ मध्ये प्रकाशित झाली. तिच्यात २७ मुद्दे आहेत. शोध कसा नोंदवावा एवढ्यासाठीच ‘प्रिझ्मा-एस’ नावाची १६ मुद्द्यांची जोडयादीही त्याच वर्षी आली.

हे पान कसं वाचायचं, ते एका उदाहरणावरून पाहू. प्रश्न घरातलाच घेऊ: हळदीने, किंवा तिच्यातल्या कर्क्युमिनने, गुडघ्याच्या झिजेच्या संधिवातातलं दुखणं कमी होतं का? या विषयावर खरेखुरे आढावे झालेले आहेत, पण खालचे आकडे त्यांतल्या कुठल्याही आढाव्याचे नाहीत. हिशेब दाखवण्यासाठी मी ते मांडले आहेत.

पहिला प्रश्न, शोधलं कुठे? आपल्या काल्पनिक आढाव्याच्या लेखकांनी पबमेड पाहिलं, एम्बेस पाहिलं, कॉक्रेन संस्थेचा ‘सेंट्रल’ हा केवळ चाचण्यांच्या नोंदींचा साठा पाहिला आणि चाचण्यांच्या नोंदवह्या पाहिल्या. एकाच ठिकाणी शोधून का भागत नाही? कारण प्रत्येक डेटाबेस काही ठराविक नियतकालिकं वाचतो आणि उरलेली सोडतो. एम्बेसमध्ये औषधांविषयीची आणि युरोपातली अशी बरीच नियतकालिकं आहेत, जी पबमेडमध्ये नाहीत. हळदीसारख्या विषयावरच्या भारतीय चाचण्या तर या दोन्हींच्या बाहेरही असू शकतात. म्हणून आयुष मंत्रालयाचं संशोधन पोर्टल पाहिलं का आणि क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, म्हणजे सीटीआरआय, पाहिली का, हे इथे विचारावंच लागतं. सीटीआरआय २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून भारतातल्या औषधचाचण्यांची तिथे नोंद सक्तीची झाली. अशा नोंदवहीचा उपयोग वेगळाच आहे. चाचणी सुरू होण्यापूर्वी ती तिथे नोंदवली जाते, त्यामुळे पूर्ण होऊनही निकाल कधीच छापला न गेलेली चाचणी तिथे सापडते. निकाल निराशाजनक आला म्हणून जे गुंडाळून ठेवलं गेलं, त्याचा सुगावा लागण्याची ती एक मोठी जागा.

नुसती नावं लिहूनही भागत नाही. एकच साठा वेगवेगळ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमधून शोधता येतो आणि तीच विनंती प्रत्येक ठिकाणी वेगळी वाचली जाते. म्हणून ‘मेडलाइन, ओव्हिडमार्फत’ असं दोन्ही लिहावं लागतं. प्रत्येक ठिकाणी शेवटचा शोध कोणत्या तारखेला घेतला, तेही. गुगल स्कॉलरचं नाव दिसलं की मी जरा थांबते. ‘अंदाजे १७ हजार निकाल’ असं काही तिथे पडद्यावर दिसलं, तरी त्यातले पहिले हजारच उघडून पाहता येतात, आणि त्यांचा क्रम कोणत्या नियमाने लागला हे बाहेरच्याला कळत नाही. पूरक म्हणून तो ठीक आहे. आढाव्याचा मुख्य आधारच तो असेल, तर तोच शोध दुसऱ्या कुणाला पुन्हा घेता येणार नाही.

आता शब्द. डेटाबेसला मराठीतल्यासारखा सरळ प्रश्न विचारता येत नाही. समानार्थी शब्दांचे गट करून ते जोडावे लागतात. पबमेडसाठी आपलं शोधसूत्र साधारण असं होईल:

```
("Curcuma"[Mesh] OR "Curcumin"[Mesh]
 OR turmeric OR curcum* OR haridra)
AND
("Osteoarthritis, Knee"[Mesh]
 OR (knee AND osteoarthr*))
```

यात OR म्हणजे यातलं काहीही चालेल आणि AND म्हणजे दोन्ही हवंच. `[Mesh]` लिहिलेले शब्द हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने लेखांना लावलेले विषयमथळे. तारांकित शब्दाने curcumin, curcuminoid, Curcuma अशी सगळी रूपं पकडली जातात. haridra हा शब्द ज्याच्या मनात येईल त्याला आयुर्वेदाच्या नियतकालिकांतले लेख मिळण्याची शक्यता वाढेल. न सुचलेल्याला ते मिळणार नाहीत, आणि आपल्याला काही मिळालं नाही हे त्याला कळणारही नाही. हरवलेला लेख कधी दारावर थाप मारत नाही. म्हणूनच सूत्र जसंच्या तसं, एकही कंस न गाळता छापायचं. आपल्याला न सुचलेला शब्द वाचणाऱ्याला सुचू शकतो.

कंसांचा आग्रह उगाच नाही. पबमेड सूत्र डावीकडून उजवीकडे वाचतं. कुणी घाईत असं लिहिलं समजा:

```
knee AND turmeric OR curcumin
```

तर आधी गुडघा आणि हळद यांचे लेख निघतील, आणि मग त्यांत कर्क्युमिनवरचे जगातले सगळे लेख येऊन पडतील. त्यात उंदरांवरचे प्रयोग असतील, कर्करोगाच्या पेशी असतील, खाद्यरंग असतील. अशी चूक आकड्यावरून ओळखता येते: इतक्या अरुंद प्रश्नाला एका डेटाबेसमधून हजारोंनी नोंदी आल्या, तर सूत्रात कुठेतरी गाठ सुटली आहे. उलट चूक जास्त घातक. OR च्या जागी AND पडला, तर आकडा लहान येतो, काम हलकं होतं आणि कुणाला शंका येत नाही. २००६ मध्ये मार्गारेट सॅम्पसन आणि जेसी मॅकगोवन या कॅनडातल्या दोघींनी कॉक्रेनच्या आढाव्यांतली ६३ शोधसूत्रं तपासली. त्यातल्या ५७ सूत्रांत किमान एक चूक निघाली, आणि पुष्कळशा चुका लेख निसटू देणाऱ्या जातीच्या होत्या. ही सूत्रं छापलेली होती, म्हणून तपासता तरी आली. ‘हळद, गुडघा, संधिवात असे शब्द वापरून शोध घेतला’ एवढ्याच वाक्यावर भागवणाऱ्या लेखकाची चूक कोण शोधणार? अशी कामं जमणारा माणूस बहुतेक वेळा डॉक्टर नसतो, वैद्यकीय ग्रंथपाल असतो. शोधसूत्र एका ग्रंथपालाने रचावं आणि दुसऱ्याने तपासावं, अशी शिफारसही आहे. आढाव्याच्या लेखकांत किंवा आभारांत ग्रंथपालाचं नाव दिसलं, तर माझा त्यावरचा विश्वास वाढतो.

सापडलं ते गाळायचं कसं, आणि गाळलेल्याचा हिशेब कसा द्यायचा, हे सांगण्यासाठी प्रिझ्माने एक प्रवाहतक्ता ठरवून दिला आहे. वरून खाली जाणाऱ्या चौकटी, प्रत्येकीत एक आकडा. आपल्या हळदीच्या आढाव्यात पबमेडमधून ४१२ नोंदी आल्या, एम्बेसमधून ६५५, सेंट्रलमधून २९८ आणि नोंदवह्यांतून ४७. एकूण १४१२. एकच लेख दोन-तीन ठिकाणी सापडतो, म्हणून दुबार नोंदी काढल्या, त्या ४८६ निघाल्या. राहिल्या ९२६. त्यांची नावं आणि सारांश वाचून ८४१ बाजूला केल्या. त्यात बहुतांश उंदीर, परीक्षानळ्या आणि भलतेच आजार. उरलेल्या ८५ नोंदींचे पूर्ण लेख मागवले. ४ काही केल्या मिळाले नाहीत. ८१ लेख पूर्ण वाचले आणि ६७ टाकले. उरले १४ लेख. पण चाचण्या मात्र १२.

इथे वजाबाकी करून पाहायला कसलीही पदवी लागत नाही. १४१२ मधून ४८६ गेले की ९२६ उरायलाच हवेत. प्रकाशित आढाव्यांतही हा ताळा कधी कधी जमत नाही, आणि तो न जमण्यामागे बहुधा लबाडी नसते. मध्येच शोध पुन्हा घेतला जातो, नव्या नोंदी जुन्यांत मिसळतात, एकाने वही ठेवली आणि दुसऱ्याने चौकटी भरल्या, असं होतं. तरी आकडे जुळत नसतील, तर काही लेख हिशेबातून निसटले असण्याची शक्यता राहते आणि ते कोणते, हे बाहेरून सांगता येत नाही. आणखी एक खूण: चार डेटाबेस शोधले आणि दुबार नोंदी शून्य किंवा नगण्य. हे घडत नाही. पबमेड आणि एम्बेसमध्ये इतकी नियतकालिकं समान आहेत, की दुबार नोंदी निघणारच. निघाल्या नसतील, तर त्या काढल्याच गेल्या नाहीत, किंवा चारही डेटाबेस शोधल्याचं केवळ कागदावर आहे.

६७ लेखांना निरोप देताना प्रत्येकाचं कारण लिहावं लागतं. आपल्या उदाहरणात २४ लेखांतल्या अभ्यासात रुग्णांचे गट सोडतीने पाडलेले नव्हते. १९ मध्ये हळद शल्लकी, आलं अशा दुसऱ्या औषधींबरोबर मिसळलेली होती, म्हणून गुण कोणाचा हे वेगळं करता येत नव्हतं. ११ मध्ये संधिवात गुडघ्याचा नव्हता. ८ मध्ये दुखणं मोजलेलं नव्हतं. ५ मध्ये चाचणीची नुसती योजना होती, निकाल नव्हता. बेरीज ६७. न मिळालेले ४ लेख यात धरलेले नाहीत, हे महत्त्वाचं. ‘वाचून नाकारला’ आणि ‘वाचायलाच मिळाला नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या चौकटींत हव्यात. त्या ४ पैकी ३ लेख भारतातल्या लहान नियतकालिकांतले असतील, तर हळदीच्या प्रश्नावर नेमकी कोणती बाजू ऐकायची राहिली, हे वाचकाला समजतं.

आणि १४ लेख, १२ चाचण्या हे काय? प्रिझ्मा २०२० ने या शब्दांची सरमिसळ थांबवण्यासाठी स्पष्ट भेद केला. नोंद म्हणजे डेटाबेसमधली ओळ, लेख म्हणजे छापलेला मजकूर, आणि अभ्यास म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांवर झालेलं काम. एका चाचणीचे सहा आठवड्यांचे निकाल एका लेखात आणि सहा महिन्यांचे दुसऱ्या लेखात येऊ शकतात. ते दोन अभ्यास धरले, तर तेच रुग्ण दोनदा मोजले जातात. याचा परिणाम किती मोठा होऊ शकतो, ते मार्टिन ट्रॅमर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं. शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांसाठी दिल्या जाणाऱ्या ऑन्डॅनसेट्रॉन या औषधावरच्या चाचण्या त्यांनी एकेक करून ताडून पाहिल्या. त्यात १७ टक्के लेख आधीच छापलेल्या चाचण्यांचे निघाले, आणि तसं कुठे सांगितलेलंही नव्हतं. लेखकांची नावं वेगळी, रुग्णांचे आकडे किंचित वेगळे मांडलेले. चांगला निकाल आलेल्या चाचण्याच पुन्हा पुन्हा छापल्या गेल्या होत्या, त्यामुळे ती दुबार माहिती धरून हिशेब केला की औषधाचा गुण २३ टक्क्यांनी फुगत होता. तक्त्याच्या तळाशी ‘१२ अभ्यास (१४ लेख)’ असे दोन आकडे दिसले, तर लेखकांनी निदान हा प्रश्न स्वतःला विचारला होता असं समजावं.

गाळणी कोणी केली हेही लिहायचं असतं. ९२६ सारांश एका माणसाने सलग वाचले, तर संध्याकाळपर्यंत डोळे आणि मन दोन्ही थकतात. गेराल्ड गार्टलेनर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सारांश एकट्याने चाळले तेव्हा कामाच्या अभ्यासांपैकी १३ टक्के सुटले. दोघांनी चाळले तेव्हा ३ टक्के. म्हणून ‘दोन लेखकांनी स्वतंत्रपणे, मतभेद झाल्यास तिसऱ्याशी चर्चा करून’ असं वाक्य आढाव्यात असतं. यातला ‘स्वतंत्रपणे’ हा शब्द कामाचा. एकाने निवडले आणि दुसऱ्याने नजर फिरवली, याला दोघांनी गाळलं म्हणत नाहीत.

तारखेचं मात्र मला खरोखर वाईट वाटतं, कारण ती देणं सर्वांत सोपं आणि ती लपून राहणं सर्वांत नुकसानीचं. शोध, वाचन, लेखन, नियतकालिकाची परीक्षणं यांत दोन-दोन वर्षं जातात. वाचकाला मुखपृष्ठावरचं साल दिसतं आणि तो आढावा ताजा समजतो. प्रकाशनाआधीच्या १२ महिन्यांत शोध पुन्हा घेतलेला असावा, असा कॉक्रेनचा नियम याचसाठी आहे.

एवढे नियम असून ते किती पाळले जातात? प्रिझ्मा-एस लिहिणाऱ्यांपैकीच मेलिसा रेथलेफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०० आढावे घेऊन त्यांतले ४५३ डेटाबेस-शोध स्वतः पुन्हा करून पाहण्याचा प्रयत्न केला. हे काम २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. मूळ आकड्याच्या १० टक्क्यांच्या आत उत्तर आलं ते फक्त ४७ शोधांत. सहा शोधांत तफावत हजार टक्क्यांहून जास्त होती. सगळे शोध पूर्णपणे पुन्हा करता येतील इतका तपशील देणारा आढावा १०० मध्ये एकच निघाला. दोष प्रत्येक वेळी शोधणाऱ्याच्या ज्ञानाचाच असेल असं नाही. कित्येकदा सूत्र बरोबर असूनही ते छापायचंच राहिलेलं असतं. पण न छापलेलं बरोबर सूत्र आणि न छापलेलं चुकीचं सूत्र यांतला फरक वाचणाऱ्याला कसा कळावा?

प्रिझ्मा २०२० मध्ये एक छोटा मुद्दा आहे, जो मला फार आवडतो आणि जो बरेचदा सोडून दिला जातो. जे अभ्यास निकषांत बसतात असं वरकरणी वाटेल पण जे वगळले, त्यांचा नावानिशी उल्लेख करायचा आणि कारण द्यायचं. नुसतं ‘१९ वगळले’ म्हणून सुटका नाही. कॉक्रेनच्या आढाव्यांत ‘वगळलेले अभ्यास’ अशा मथळ्याचा तक्ता असतो, इतर नियतकालिकांत तो पुरवणी म्हणून वेगळ्या फाइलमध्ये जोडलेला असतो. हळदीने गुडघे सुधारल्याची एखादी गाजलेली चाचणी तुम्ही ऐकलेली असेल आणि ती त्या १२ मध्ये दिसली नाही, तर पहिल्यांदा हा तक्ता उघडावा. तिथे ती असेल आणि समोर ‘हळद शल्लकीबरोबर दिलेली’ असं लिहिलेलं असेल, तर त्या निर्णयाशी तुम्ही सहमत किंवा असहमत होऊ शकता. ती तिथेही नसेल, तर मागे सूत्राकडे जावं, आणि त्या लेखाच्या नावात कोणता शब्द होता जो सूत्रात नाही, ते पाहावं.